कटऑफ झाला, तरी सेल्फ लागला नाही

मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी साडेसातच्या सुमारास मी लातूर रेल्वे स्थानकाबाहेर, चार रात्री उभ्या असलेल्या माझ्या गाडीत येऊन बसलो. चावी फिरवली तेव्हा बॉनेटखालून ‘कट्-कट्-कट्’ असा आवाज आला, डॅशबोर्डवरचे दिवे मंदावले आणि इंजिन जागचे हलले नाही. बॅटरी बसली होती, हे कळायला वेगळ्या तपासणीची गरज नव्हती. मला पडलेला प्रश्न वेगळा होता. काचेला लावलेला, गाडी उभी असतानाही चित्रण करणारा डॅशकॅम मी ज्या हार्डवायर किटवरून, म्हणजे गाडीच्या फ्यूजवरून थेट वीज देणाऱ्या वायरींच्या संचावरून, जोडला होता, त्या किटमध्ये व्होल्टेज कमी झाले की कॅमेरा आपोआप बंद करणारा कटऑफ होता. तो बसवताना ‘आता बॅटरीची काळजी नाही’ असे मला सांगण्यात आले होते आणि मीही ते मान्य केले होते. मग बॅटरी उतरली कशी?

शेजारी प्रवाशांची वाट पाहत उभ्या असलेल्या दोन रिक्षाचालकांनी मदत केली. “सर, तुम्ही दुसऱ्या गिअरला टाका, आम्ही धक्का मारतो,” असे म्हणून त्यांनी गाडी उतारापर्यंत ढकलली आणि क्लच सोडताच इंजिन सुरू झाले. बॅटरी पूर्ण मेलेली असती तर हाही उपाय चालला नसता, कारण आजच्या पेट्रोल गाडीत इंधनाच्या पंपाला आणि इंजिनच्या संगणकाला थोडी तरी वीज लागतेच. तेवढी वीज उरली होती. सेल्फ फिरवण्याइतकी मात्र उरली नव्हती, आणि या दोन गोष्टींमधले अंतर किती मोठे आहे ते मला पुढच्या आठवड्यात नीट समजले.

घरी आल्यावर मी कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड संगणकात घालून पाहिले. कॅमेरा केव्हा बंद पडला याची नोंद त्याच्याच शेवटच्या फाइलवर असते, हे अशा वेळी फार उपयोगी पडते. गाडी मी गुरुवारी रात्री साडेनऊला उभी केली होती. शेवटची फाइल शुक्रवारी रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांची होती, आणि तिच्यात समोरच्या झाडाखाली बसलेल्या एका कुत्र्याखेरीज काही नव्हते. म्हणजे कॅमेरा सुमारे २६ तास चालला आणि किटने ठरल्याप्रमाणे त्याचा पुरवठा तोडला. कटऑफ बिघडलेला नव्हता. त्याने त्याचे काम केले होते आणि तरीही सोमवारी गाडी सुरू झाली नव्हती.

गंजगोलाईजवळ ऑटो इलेक्ट्रिकचे काम करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत, त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांच्याकडे गाडी नेली, तेव्हा त्यांनी सर्वांत आधी किटच्या छोट्या डबीवरचा सरकता खटका पाहिला. तो ११.६ वर होता. “सर, हा कटऑफ कॅमेऱ्यासाठी आहे, गाडीसाठी नाही,” असे ते म्हणाले. त्यांचे वाक्य शब्दशः बरोबर आहे, हे मला बॅटरीचे आकडे समजून घेतल्यावर पटले.

शिशाच्या बॅटरीचे व्होल्टेज आणि तिच्यात उरलेली वीज यांचा संबंध सरळ नसतो. पूर्ण भरलेली आणि काही तास विश्रांती घेतलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. पाऊण भरलेली सुमारे १२.४, अर्धी भरलेली सुमारे १२.२, पाव उरलेली सुमारे १२.० आणि ११.८ च्या खाली गेलेली जवळजवळ रिकामी. म्हणजे पूर्ण भरलेपण आणि रिकामेपण यांच्यामध्ये जेमतेम पाऊण-एक व्होल्टचा फरक आहे. ज्याला १२ हा आकडा ‘पूर्ण’ वाटतो आणि ११.६ हा ‘थोडासा कमी’ वाटतो, तो इथे फसतो, आणि मी तसाच फसलो होतो. ११.६ ला कॅमेरा बंद होतो, याचा अर्थ कॅमेरा बॅटरीतले जवळपास सगळे पिऊन झाल्यावर बाजूला होतो. किटवर हा पर्याय असतो, कारण कॅमेरा जास्तीत जास्त तास चालावा ही ग्राहकाची मागणी असते. पण सेल्फला एका क्षणात शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह लागतो आणि ११.६ ला आलेली बॅटरी तो देऊ शकत नाही. रेडिओ वाजतो, दिवे लागतात, आणि म्हणून बॅटरीत जीव आहे असे वाटते. चावी पूर्ण फिरवली की मात्र व्होल्टेज एकदम कोसळते. सेल्फचा सोलेनॉइड ओढला जातो, ओढताक्षणी व्होल्टेज पडल्यामुळे सुटतो, पुन्हा ओढला जातो. स्थानकाबाहेर मी ऐकलेला ‘कट्-कट्’ आवाज तोच होता.

आता गुरुवार ते सोमवार या चार रात्रींचा हिशेब. चाचांनी बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलची वायर सोडवून मध्ये मल्टीमीटर जोडला. ही मोजणी करताना एक काळजी घ्यावी लागते. मीटरची लाल पिन दहा अँपिअरच्या भोकात घालायची आणि मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. शिवाय दार उघडले की गाडीची यंत्रणा जागी होते, म्हणून त्यांनी दाराचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद करून घेतले, गाडी लॉक केली आणि आम्ही अर्धा तास चहा घेत बसलो. नव्या गाड्यांचे संगणक चावी काढल्यावर लगेच झोपत नाहीत, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत दिसणाऱ्या आकड्यावरून घाबरून जाण्यात अर्थ नसतो. अर्ध्या तासाने मीटरवर ०.३६ अँपिअर दिसले. कॅमेऱ्याची पिन काढली तेव्हा आकडा ०.०६ वर आला. मग चाचांनी आणखी एक वायर सोडवली, ती दोन वर्षांपूर्वी चोरीच्या भीतीने मी बसवून घेतलेल्या जीपीएस ट्रॅकरची होती, आणि आकडा ०.०३ वर थांबला. उरलेले ०.०३ हे गाडीचे स्वतःचे खाणे, म्हणजे घड्याळ, सेंट्रल लॉक आणि अलार्म यांचे. तीस-चाळीस मिलिअँपिअरपर्यंतचे हे खाणे कोणत्याही गाडीत गृहीत धरावे लागते.

कॅमेरा एकटा ०.३ अँपिअर ओढत होता. हा आकडा ऐकायला क्षुल्लक आहे, पण तो चोवीस तास चालतो तेव्हा रोज सात अँपिअर-अवरच्या पुढे जातो. माझ्या छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची आहे. स्थानकाबाहेर २६ तासांत कॅमेरा, ट्रॅकर आणि गाडी यांनी मिळून ०.३६ च्या दराने साधारण साडेनऊ अँपिअर-अवर घेतले आणि तेवढ्यातच बॅटरी ११.६ वर आली. नवी, पूर्ण भरलेली ३५ ची बॅटरी साडेनऊ गेल्यावर १२.४ च्या आसपास असायला हवी होती. याचा अर्थ माझ्या बॅटरीवर ३५ लिहिलेले असले तरी तिच्यात त्या रात्री ३५ नव्हतेच.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती कोणत्याही किटच्या डबीवर लिहिलेली नसते. शुक्रवारी रात्री कटऑफ झाला तेव्हा फक्त कॅमेरा बंद झाला. ट्रॅकर आणि गाडीची यंत्रणा किटच्या मागे नव्हत्या, त्या थेट बॅटरीवर होत्या. पुढचे ५६ तास त्या ०.०६ च्या दराने आणखी तीन-साडेतीन अँपिअर-अवर घेत राहिल्या. ज्या बॅटरीत कटऑफच्या वेळीच काही उरले नव्हते, तिच्यातून हे आणखी गेले. कटऑफ ही घरातल्या एका खोलीच्या नळाची तोटी आहे, टाकीच्या तोंडाची नाही. म्हणून कटऑफ किती व्होल्टला ठेवायचा हे ठरवताना, कॅमेरा बंद झाल्यावर गाडी आणखी किती दिवस उभी राहणार आहे तेही मोजावे लागते.

बॅटरीत ३५ का नव्हते, हे पाहण्यासाठी मी पुढच्या शनिवारी एक साधा प्रयोग केला. बॅटरी चार्जरवर रात्रभर लावून पूर्ण भरली, सकाळी तीन-चार तास तशीच राहू दिली आणि मग गाडी अंगणात उभी करून कॅमेरा ११.६ च्या कटऑफवर चालू ठेवला. गाडी चालवून आल्याबरोबर किंवा चार्जर काढल्याबरोबर मोजले तर बॅटरी १२.९ किंवा १३ सुद्धा दाखवते, पण तो वरवरचा चार्ज असतो आणि काही तासांत ओसरतो. त्या आकड्यावर विश्वास ठेवून ‘माझी बॅटरी उत्तम आहे’ म्हणणारे माझ्या ओळखीत अनेक आहेत. विश्रांतीनंतर माझ्या बॅटरीने १२.६ दाखवले, म्हणजे व्होल्टेजच्या भाषेत ती पूर्ण भरलेली होती. तरीही कॅमेरा ४१ तासांत बंद पडला. ०.३६ गुणिले ४१ म्हणजे पंधरापेक्षाही थोडे कमी अँपिअर-अवर. चौथ्या वर्षातल्या त्या बॅटरीत पूर्ण भरल्यावरही निम्म्याहून कमी वीज मावत होती. मीटरला ते दिसत नव्हते, कारण व्होल्टेज हे भांडे किती भरले आहे ते साधारण सांगते, भांडे किती लहान झाले आहे ते सांगत नाही.

भांडे लहान का झाले, याची दोन कारणे आहेत आणि दोन्ही माझ्या रोजच्या वापरात होती. पहिले आपले हवामान. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली तो त्याहून किती तरी वर जातो. उष्णतेने बॅटरीतल्या पट्ट्या लवकर गंजतात, पाणी उडते आणि उभ्या उभ्या होणारा विसर्गही वाढतो. बॅटरी थंडीत दगा देते असे आपण वाचलेले असते, पण ती माहिती थंड देशांतली आहे. आपल्याकडे ती उन्हाळ्यात झिजते आणि मग एखाद्या साध्या सकाळी बंद पडते.

दुसरे कारण मला जास्त लागले, कारण ते माझ्या हातातले होते. माझे महाविद्यालय घरापासून चार किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन गाडी रोज अर्धा-पाऊण तास चालते आणि बाकीचे तेवीस तास उभी असते. ते तेवीस तास कॅमेरा पार्किंग मोडमध्ये चालू. म्हणजे रोज आठ अँपिअर-अवरपर्यंत जात होते आणि अर्ध्या तासाच्या चालण्यात, त्यातही एसी आणि पंखा चालू असताना, अल्टरनेटर तेवढे परत भरू शकत नव्हता. बॅटरी जसजशी भरत येते तसतशी ती प्रवाह कमी घेऊ लागते, त्यामुळे शेवटचा पाव भाग भरायला कित्येक तास लागतात आणि छोट्या फेऱ्यांत तो कधीच भरत नाही. माझी बॅटरी काही महिने अर्ध्या-पाऊण भरलेल्या अवस्थेतच जगत होती. अशा बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर घट्ट बसत जातो आणि तो मग चार्जरनेही पूर्ण सुटत नाही. कटऑफ रोज होत असेल तर तो आपले रक्षण करत आहे असे समजू नये. रोज होणारा कटऑफ म्हणजे बॅटरी रोज तळाला जाते आहे याची खूण आहे. गाडी सुरू करण्यासाठी घडवलेली बॅटरी पातळ पट्ट्यांची असते, ती थोडा वेळ मोठा प्रवाह देण्यासाठी असते. इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखे रोज खोलवर रिकामे होणे तिला सोसत नाही.

जुनी बॅटरी देऊन मी नवी घेतली. खटका १२.४ वर सरकवला, म्हणजे कॅमेरा फार तर पाव बॅटरी वापरणार आणि पाऊण माझ्यासाठी राहणार. पण इथे एक नवाच घोटाळा झाला. पहिल्याच रात्री कॅमेरा दोन तासांत बंद पडला. सकाळी बॅटरीच्या टर्मिनलवर मोजले तर १२.६! नव्या, भरलेल्या बॅटरीवर १२.४ चा कटऑफ दोन तासांत कसा होईल?

चाचांना फोन केला तेव्हा त्यांनी एकच विचारले, “अर्थिंग कुठे दिलंय?”

माझ्या किटला तीन वायरी आहेत. लाल वायर डायरेक्ट सप्लायला, म्हणजे चावी काढल्यावरही जिवंत असलेल्या फ्यूजला जाते. पिवळी चावीच्या सप्लायला जाते, तिच्यावरून गाडी चालू आहे की उभी हे कॅमेऱ्याला कळते. काळी बॉडीला, म्हणजे अर्थिंगला. माझी काळी वायर डॅशबोर्डखालच्या एका स्क्रूला लावलेली होती आणि तो स्क्रू रंग दिलेल्या पत्र्यात बसलेला होता. रंगामुळे तिथे स्पर्श कच्चा होता. किट बॅटरीचे व्होल्टेज बॅटरीजवळ मोजत नाही, स्वतःच्या वायरींच्या टोकाला जे पोहोचते ते मोजते. वाटेत फ्यूजच्या टॅपमध्ये, बारीक वायरीत आणि कच्च्या अर्थिंगमध्ये दोन-अडीच दशांश व्होल्ट गळाले की बॅटरी १२.६ ला असताना किटला १२.४ पेक्षा कमी दिसते. ११.६ च्या कटऑफवर हा दोष माझ्या लक्षात आला नव्हता. व्होल्टेज तिकडे इतक्या भरभर उतरते की दोन दशांशांनी तासांचा फार फरक पडत नाही. वरच्या टोकाला मात्र तेच दोन दशांश म्हणजे पाव बॅटरी. मी दहा नंबरच्या पान्याने उघड्या धातूत जाणारा एक बोल्ट सैल केला, खालचा पत्रा पॉलिश पेपरने घासला, काळ्या वायरीला रिंग टर्मिनल दाबून बसवले आणि बोल्ट पुन्हा आवळला. कॅमेरा चालू असताना बॅटरीवर आणि किटच्या टोकाला, दोन्हीकडे मोजले. फरक अर्ध्या दशांशाच्या आत आला होता.

पिवळ्या वायरीबद्दल एक सांगायला हवे, कारण ही चूक मी दोन सहकाऱ्यांच्या गाडीत पाहिली. बसवणाऱ्याला चावीचा सप्लाय असलेला फ्यूज लगेच सापडला नाही की तो लाल आणि पिवळी दोन्ही वायरी एकाच डायरेक्ट फ्यूजला देतो. कॅमेरा चालतो, म्हणून काम झाले असे वाटते. पण त्या कॅमेऱ्याला गाडी कायम चालूच आहे असे वाटत राहते. तो पार्किंग मोडमध्ये जातच नाही, त्याचा तासांचा टायमर सुरूच होत नाही, आणि रात्रभर पूर्ण वेगाने चित्रण होत राहते. गाडी बंद करून लॉक केल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर किंवा आवाजात पार्किंग मोडची सूचना येते की नाही, एवढे पाहिले तरी हा दोष सापडतो. स्वस्त किटमध्ये आणखी एक दोष आढळतो. कॅमेरा बंद झाला की भार गेल्यामुळे व्होल्टेज किंचित वर सरकते, आणि ते पाहून किट कॅमेरा पुन्हा सुरू करते, मग पुन्हा बंद. चांगली किट एकदा तोडल्यावर चावी फिरेपर्यंत किंवा व्होल्टेज बरेच वर जाईपर्यंत जोडत नाही. कार्डावर रात्री उशिरा एकामागून एक काही सेकंदांच्या तुटक फाइल दिसल्या तर हेच झाले आहे असे समजावे.

आता मी काय ठेवले आहे ते सांगतो. कटऑफ १२.४ वर आहे आणि त्याच्या जोडीला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बारा तासांचा टायमर लावला आहे. दोहोंपैकी जे आधी होईल त्याने कॅमेरा बंद होतो. घराच्या अंगणात गाडी असते तेव्हा सततचे चित्रण मी बंद ठेवतो आणि फक्त धक्का लागला तर जागा होण्याचा मोड लावतो, कारण त्यात कॅमेरा फार कमी ओढतो. महिन्यातून एकदा बॅटरी चार्जरवर रात्रभर लावतो. रोज लांबचा प्रवास करणाऱ्याला यातले बरेच करावे लागणार नाही. त्याची बॅटरी रोज भरते आणि त्याला १२.२ चा कटऑफ पुरेसा आहे. मी १२.४ निवडला तो माझ्या चार किलोमीटरांमुळे. दुसऱ्याचा आकडा उचलून आपल्या गाडीत ठेवणे मला योग्य वाटत नाही. मीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो.

गेल्या दिवाळीत अंबाजोगाईला सासुरवाडीला चार दिवस गाडी गल्लीत उभी होती. मी निघण्याआधीच कागदावर हिशेब केला होता. कॅमेऱ्याचे पहिले बारा तास ०.३६ ने, पुढचे ८४ तास ०.०६ ने, एकूण नऊ-साडेनऊ अँपिअर-अवर, म्हणजे साधारण पाव बॅटरी. पाचव्या दिवशी सकाळी चावी लावण्याआधी बॉनेट उघडून मीटर लावला. मेहुणा बाजूला उभा राहून विचारत होता, “दाजी, काय बघायलाव?” मीटरवर १२.३८ होते. चावी फिरवली आणि पहिल्याच सेल्फला इंजिन लागले.